पोटदुखीआड लपलेला हेल्प सिंड्रोम

१९८२ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर लुई वाइनस्टाइन यांनी २९ गर्भवतींच्या नोंदी एकत्र मांडल्या. लाल पेशी फुटणे, यकृताची एन्झाइम्स वाढणे आणि प्लेटलेट घटणे या तीन गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘हेल्प’ हे नाव आले. आजार जुनाच होता. प्रिचर्ड यांनी १९५४ मध्ये असे रुग्ण नोंदवले होते. पण नाव मिळाल्यावर तीन सुटे रिपोर्ट एकत्र वाचायची सवय लागली.

पुढे अमेरिकेतल्याच टेनेसीत डॉक्टर बहा सिबाई यांनी निदानाच्या मर्यादा आखल्या: पेशी फुटल्यावर रक्तात वाढणारे एन्झाइम एलडीएच ६०० किंवा जास्त, यकृताचे एन्झाइम एसजीओटी ७० किंवा जास्त, प्लेटलेट १ लाखाखाली. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात, म्हणजे स्मिअरमध्ये, लाल पेशींचे तुकडे दिसतात. मात्र बारीक सुईने जोरात ओढलेल्या रक्तात पेशी नळीतच फुटतात आणि एलडीएच खोटा वाढतो. शंका आली तर नमुना पुन्हा घ्यावा.

दुखण्याचे मूळ यकृतात असते. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताची गुठळी बनवणारे फायब्रिन हे प्रथिन अडकते, यकृत सुजते आणि त्याचे आवरण ताणले जाते. म्हणून बरगडीखाली उजवीकडे किंवा छातीच्या खाली मधोमध दुखते, सोबत मळमळ असते. हे हुबेहूब ॲसिडिटीसारखे किंवा पित्ताशयाच्या खड्यांसारखे वाटते. त्यात सुमारे १५ ते २० टक्के जणींचा रक्तदाब वाढलेला नसतो आणि लघवीत प्रथिनेही नसतात. फसगत होते ती इथेच.

समजा, ३५व्या आठवड्यात एक बाई रात्री ‘पित्त झालंय’ म्हणून येते. रक्तदाब १३०/८४. ॲसिडिटीवरचे पँटोप्राझोल देऊन घरी पाठवण्याचा मोह होतो. रिपोर्टमध्ये प्लेटलेट १ लाख १८ हजार, एसजीओटी ९६. निकष अजून पुरे झालेले नाहीत, पण म्हणून तिला सोडायचे नाही. सहा तासांनी प्लेटलेट ८८ हजार, एलडीएच ७४०. एका आकड्यापेक्षा ही घसरण जास्त बोलते, म्हणून दर सहा ते बारा तासांनी तपासणी हवी.

आता झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट सुरू करायचे, रक्तदाब सांभाळायचा आणि प्रसूती घडवायची. ३४ आठवडे उलटले असतील तर थांबून हाती काही लागत नाही. त्याआधी आई स्थिर असेल, तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडचे डोस देण्यापुरते २४ ते ४८ तास काही ठिकाणी थांबतात. वार प्रसूतीआधीच सुटली, यकृतात रक्तस्राव झाला किंवा रक्त गोठेनासे झाले, तर तेवढेही नाही. सिझेरियन प्रत्येकीला लागतेच असे नाही. प्लेटलेट ५० हजारांखाली असतील तर शस्त्रक्रियेआधी त्या चढवतात.

आईच्या प्लेटलेट वाढवण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड भरपूर वापरले गेले, पण २००५ मध्ये कोलंबियातल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

बाळ बाहेर आले तरी पहिले ४८ तास प्लेटलेट आणखी उतरू शकतात. सुमारे ३० टक्के जणींत तर आजार प्रसूतीनंतरच उघड होतो. त्यामुळे बाळंतिणीच्या बरगडीखालच्या दुखण्यालाही त्याच तीन तपासण्या लागतात.