दोन रकानी मजकुराचा वाचनक्रम

वार्तापत्रासारख्या दोन रकान्यांत मांडलेल्या पानावरचा मजकूर कॉपी केला, शब्दसंस्कारकात नेला किंवा स्क्रीन रीडरने वाचायला घेतला, की कधीकधी डाव्या आणि उजव्या रकान्यातल्या ओळी एकमेकींत मिसळतात. डोळ्यांना पान व्यवस्थित दिसत असते, पण बाहेर आलेला मजकूर निरर्थक असतो. असा मजकूर पुन्हा वाचण्याच्या क्रमात लावणे म्हणजे वाचनक्रम पूर्ववत करणे.

याचे मूळ पीडीएफच्या रचनेत आहे. पीडीएफमध्ये परिच्छेद किंवा रकाना असे काही असलेच पाहिजे, असे नाही. अमुक अक्षर पानावर अमुक जागी काढा, अशा सूचनांची ती यादी असते आणि त्या कोणत्याही क्रमाने दिल्या तरी छापील पान तेच दिसते. वाचनक्रम स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय, म्हणजे टॅग, पीडीएफ १.४ या आवृत्तीपासून (२००१) आहे. परंतु पान तयार करणाऱ्याने ते टॅग घातलेले नसतील, तर मजकूर काढणाऱ्या प्रोग्रामला अक्षरांच्या जागा पाहून क्रमाचा अंदाज बांधावा लागतो. सर्वांत सोपा अंदाज म्हणजे वरून खाली आणि त्याच उंचीवर डावीकडून उजवीकडे. एकरकानी पानावर तो अचूक ठरतो. दोन रकानी पानावर मात्र शेजारशेजारच्या दोन वेगळ्या ओळी त्याला एकच लांब ओळ वाटतात.

समजा, डाव्या रकान्यात या चार ओळी आहेत: ‘पावसाळ्याआधी छतावरची / पन्हळ साफ करावी. पाला / साचला की पाणी भिंतीत / उतरते.’ आणि उजवीकडे या: ‘ग्रंथालय शनिवारी दुपारी / बंद राहील. पुस्तके परत / करण्यासाठी दाराजवळची / पेटी वापरावी.’ सरमिसळ झाल्यावर हाती येते ते असे:

```
पावसाळ्याआधी छतावरची ग्रंथालय शनिवारी दुपारी
पन्हळ साफ करावी. पाला बंद राहील. पुस्तके परत
साचला की पाणी भिंतीत करण्यासाठी दाराजवळची
उतरते. पेटी वापरावी.
```

‘पाला बंद राहील’ हे वाक्य व्याकरणाने चालण्यासारखे आहे, म्हणून नजर घाईत त्यावरून पुढे सरकते. बिघाड ओळखायचा तो विषय ओळीच्या मध्यावर बदलतो का, यावरून. दर ओळीत साधारण त्याच जागी विषय बदलत असेल, तर रकाने मिसळले आहेत हे नक्की. शब्दाच्या आतच काना, वेलांटी किंवा रफार जागचा हलला असेल, तर तो फॉन्टच्या सांकेतिकीकरणाचा दोष आहे. वाचनक्रम लावून तो जात नाही.

मूळ फाइल हाती असेल, तर विस्कटलेला मजकूर हाताने उलगडत बसण्यात अर्थ नाही. मजकूर फाइलमधून पुन्हा काढावा. पॉप्लर या मुक्त संचातला pdftotext हा मजकूर काढणारा प्रोग्राम कोणताही पर्याय न देता चालवला, तर तो रकाने ओळखण्याचा प्रयत्न करतो, आणि साध्या पानावर एवढ्याने काम होते. `-layout` हा पर्याय मात्र पानाची मांडणी जशीच्या तशी ठेवतो, म्हणजे दोन्ही रकाने एकाच ओळीत शेजारी येतात. ‘मांडणी जपली’ म्हणून अनेकजण हाच पर्याय निवडतात आणि सरमिसळ ओढवून घेतात. `-raw` फाइलमध्ये सूचना ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने मजकूर देतो. मांडणी करणाऱ्याने एक रकाना पूर्ण ओतून मग दुसरा घेतला असेल, तर हा निकाल चकित करण्याइतका स्वच्छ निघतो.

या दोन्ही मार्गांनी भागले नाही, तर पान तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा वेगळा काढणे हाच भरवशाचा उपाय. खरी मेख इथे आहे. संपूर्ण पान मधोमध उभे कापले की काम झाले, असे वाटते. पण वार्तापत्राच्या पानावर बहुधा मधेच एखादे पूर्ण रुंदीचे शीर्षक येते. वाचक त्याच्या वरचा डावा रकाना वाचतो, मग वरचा उजवा, मग शीर्षक आणि त्यानंतर खालचे दोन रकाने. सरळ उभा काप घेतला, तर वरच्या लेखाला खालच्या लेखाचा अर्धा भाग चिकटतो आणि शीर्षक दोन तुकडे होऊन दोन्हीकडे विखुरते. म्हणून आधी आडवे काप घेऊन पट्टे पाडायचे आणि मगच प्रत्येक पट्टा उभा कापायचा.

ए-४ पान ५९५ × ८४२ पॉइंट असते. कुठे कापायचे हे अंदाजाने ठरवू नये. `-bbox` हा पर्याय प्रत्येक शब्दाच्या चारही कडा आकड्यांत देतो. समजा, त्यातून असे दिसले की डाव्या रकान्यातले शब्द २८५ च्या आत संपतात आणि उजव्यातले ३१० पासून सुरू होतात. म्हणजे मधली मोकळी पट्टी २५ पॉइंटांची आहे आणि तिचा मध्य साधारण २९७ वर येतो. मथळा वरून १२० पर्यंत आहे आणि मधले शीर्षक ४०० ते ४५० मध्ये. तर पहिल्या पानाच्या वरच्या पट्ट्यातले दोन तुकडे आणि शीर्षक असे काढायचे:

```
pdftotext -f 1 -l 1 -x 0 -y 120 -W 297 -H 280 patra.pdf 1.txt
pdftotext -f 1 -l 1 -x 297 -y 120 -W 298 -H 280 patra.pdf 2.txt
pdftotext -f 1 -l 1 -x 0 -y 400 -W 595 -H 50 patra.pdf 3.txt
```

मथळा आणि खालचा पट्टा याच रीतीने काढून सर्व तुकडे वाचण्याच्या क्रमाने जोडायचे. इथे `-x` आणि `-y` वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतात. पीडीएफच्या अंतर्गत मापनात शून्य खालच्या डाव्या कोपऱ्यात असते, त्यामुळे दुसऱ्या साधनातून घेतलेले उंचीचे आकडे इथे टाकले तर भलताच पट्टा हाती येतो.

स्कॅन केलेल्या पानात मजकूर नसतो, फक्त चित्र असते. टेसरॅक्टने अक्षरओळख करताना `--psm 6` दिला, तर तो सारे पान एकच सलग ठोकळा मानतो आणि रकाने हमखास मिसळतात. `--psm 3` पानाची रचना स्वतः शोधतो. त्याआधी पान सरळ करून घ्यावे. नुसते १ अंश कललेले पान ए-४ च्या उंचीत सुमारे १५ पॉइंट सरकते, म्हणजे २५ पॉइंटांच्या मोकळ्या पट्टीत सरळ उभ्या कापाला जेमतेम १० पॉइंट उरतात.

मूळ फाइल हरवली असून फक्त मजकूर उरला असेल, तर ओळींचे तुकडे शाबूत आहेत का ते पाहावे. डावी ओळ आणि उजवी ओळ आलटूनपालटून वेगवेगळ्या ओळींवर आली असेल, तर विषम आणि सम ओळी वेगळ्या करता येतात:

```
awk 'NR%2==1' gondhal.txt > dava.txt
awk 'NR%2==0' gondhal.txt > ujava.txt
```

पण एका रकान्यात परिच्छेदानंतर रिकामी जागा असली, की तिथून जोड्या एका ओळीने घसरतात आणि पुढचे सगळे उलटे पडते. घसरण झालेल्या जागी रिकामी ओळ घालून पुन्हा वेगळे करावे. ओळींचे तुकडेच नाहीसे झाले असतील, तर अर्थावरून वाक्ये लावण्याशिवाय मार्ग नाही आणि त्या कामात खात्री कधीच पूर्ण नसते.

पडताळणी सांध्यांवर करावी. डाव्या रकान्याची शेवटची ओळ आणि उजव्याची पहिली ओळ एकत्र वाचली असता वाक्य सरळ जुळले पाहिजे किंवा एक लेख संपून दुसरा सुरू झाला पाहिजे. शब्दसंख्याही आधी आणि नंतर सारखी हवी. ती घटली असेल, तर एखादी पट्टी कापाबाहेर राहिली आहे. वाढली असेल, तर दोन काप एकमेकांवर चढले आहेत. चौकटीतले ठळक उद्धृत आणि ‘पुढील मजकूर पान ३ वर’ अशा सूचना कोणत्याही कापाने आपोआप जागेवर बसत नाहीत. त्या लेखाच्या शेवटी किंवा पुढच्या पानावरच्या तुकड्याशी हातानेच जोडाव्या लागतात.