एलईडीच्या प्रयोगातला h आला कुठून?

पाच रंगांचे एलईडी, एक बॅटरी, पोटेन्शिओमीटर, दोन मल्टिमीटर आणि थोड्या वायरी. एवढ्या सामानावर आज बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये प्लांकचा स्थिरांक काढता येतो. एलईडीवरचा व्होल्टेज हळूहळू वाढवायचा, तो कितीला ‘चालू’ होतो ते टिपायचं, प्रत्येक रंगासाठी हेच करायचं आणि वारंवारतेसमोर व्होल्टेज मांडून आलेख काढायचा. रेषेचा उतार गुणिले इलेक्ट्रॉनचा विद्युतभार e म्हणजे h. जर्नलमध्ये सिद्धांताखाली बहुतेक वेळा ‘आइन्स्टाइनचा प्रकाशविद्युत परिणाम, उलट्या दिशेने’ असं एक वाक्य येतं. ते खोटं नाही. पण या प्रयोगाचे खरे पूर्वज दुसरेच आहेत, आणि ते कळले की प्रयोग कुठे लंगडतो हेही कळतं.

h जन्मला १९०० साली. तापलेल्या पोकळीतून निघणाऱ्या किरणांच्या मोजमापांना सूत्र बसवताना मॅक्स प्लांक यांना तो घ्यावा लागला आणि त्यांनी त्याची किंमत ६.५५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद एवढी काढली. आजच्या किमतीपेक्षा ती जेमतेम एका टक्क्याने कमी आहे. १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी hν, म्हणजे h गुणिले वारंवारता ν, ही प्रकाशाच्या एकेका पुडीची ऊर्जा मानली. त्यांचं समीकरण तपासायला रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागोत निर्वात नळीच्या आतच सोडियमसारख्या धातूंचा पृष्ठभाग सुरीने तासून ताजा करण्याची सोय केली, आणि १९१६ मध्ये ६.५७ × १०⁻³⁴ हा आकडा दिला. गंमत अशी की समीकरण सिद्ध करूनही प्रकाशाच्या पुड्यांवर त्यांचा तेव्हा विश्वास नव्हता.

मिलिकन यांच्या प्रयोगात, म्हणजे प्रकाशविद्युत परिणामात, प्रकाश आत जातो आणि इलेक्ट्रॉन बाहेर येतो. एलईडीत इलेक्ट्रॉन ऊर्जा देतो आणि प्रकाश बाहेर येतो. त्यामुळे याचा खरा आजोबा शोधायचा तर १९१५ सालच्या हार्वर्डमध्ये जावं लागतं. विल्यम डुएन आणि फ्रँकलिन हंट यांनी क्ष-किरण नळीला ठरावीक व्होल्टेज देऊन पाहिलं, की बाहेर येणाऱ्या किरणांच्या वारंवारतेला वरून एक कडक मर्यादा असते. V व्होल्टेजमुळे मिळालेली आपली सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनने एकाच फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या एकाच पुडीला दिली, तर eV = hν. त्याहून जास्त देण्यासारखं त्याच्याकडे काही नसतं. आपण एलईडीसाठी अक्षरशः हेच सूत्र वापरतो. तिथे व्होल्टेज हजारोंत होता, इथे दोन-अडीच आहे, एवढाच काय तो फरक, असं वाटतं.

हे सूत्र घन पदार्थातून निघणाऱ्या दृश्य प्रकाशाला पहिल्यांदा लावलं ते ओलेग लोसेव या रशियन तरुणाने. कार्बोरंडमच्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यातून वीज गेली की तो चमकतो, हे इंग्लंडचे एच. जे. राउंड यांनी १९०७ मध्येच नोंदवलं होतं, पण पुढे काही झालं नाही. लोसेव विसाच्या दशकात निझ्नी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत खड्याचे डिटेक्टर तपासत असे. चमकणाऱ्या खड्यावर त्याने बेंझिनचा थेंब टाकून पाहिला. तो भराभर उडाला नाही, म्हणजे उजेड तापल्यामुळे येत नव्हता. हा प्रकाशविद्युत परिणामाचाच उलटा प्रकार असावा, असं त्याने मांडलं. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने गेला.

निक होलोनियाक यांचा लाल एलईडी १९६२ चा. पुढे पिवळे आणि पोपटी हिरवे आले. पण लाल ते हिरवा हा पट्टा अरुंद, त्यात उतार काढणं म्हणजे दोन पावलं चालून दिशा ठरवण्यासारखं. हा प्रयोग वर्गात रुजायला निळा एलईडी हवा होता. १९९३ मध्ये जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी दिला आणि आलेखाला दुसरं टोक मिळालं.

आता आकडे घेऊन पाहू. समजा ६३० नॅनोमीटरचा लाल एलईडी १.७८ व्होल्टला चालू झाला आणि ४७० नॅनोमीटरचा निळा २.४५ ला. प्रत्येकाला वेगळं eV = hν लावलं, तर लालवरून ५.९९ × १०⁻³⁴ आणि निळ्यावरून ६.१५ × १०⁻³⁴ येतात. दोन्ही आजच्या ६.६३ पेक्षा कमी. उतार काढला तर? व्होल्टेजमधला फरक ०.६७, वारंवारतेतला १.६२ × १०¹⁴ हर्ट्झ, आणि h बरोबर ६.६३ × १०⁻³⁴. दोन्ही व्होल्टेज hν/e पेक्षा सारख्याच म्हणजे सुमारे ०.१९ व्होल्टने कमी आहेत, म्हणून ती तूट वजाबाकीत उडून जाते.

पण निळ्याचं वाचन २.४५ ऐवजी २.५० घेतलं, तर तोच उतार ७.१२ देतो. प्रवाह आणि व्होल्टेजचा वक्र जिथे वळतो तिथे पाच शतांश व्होल्ट इकडे की तिकडे, हे पट्टी कशी टेकवली यावर ठरतं. आणि पट्टी टेकवणाऱ्याला ६.६३ आधीच पाठ असतं. दरवर्षी जर्नलांमध्ये इतकी सुंदर उत्तरं का येतात, याचं उत्तर तिथे आहे.

मूळ अडचण अशी की एलईडीला क्ष-किरण नळीसारखा कडक उंबरठा नसतोच. डायोडमधला प्रवाह व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो. ‘गुडघा’ दिसतो तो आलेखाच्या मापामुळे. मिलिअँपिअरऐवजी मायक्रोअँपिअरमध्ये मांडलात तर तोच गुडघा डावीकडे सरकतो. उरलेली ऊर्जा पदार्थातली उष्णता पुरवते, म्हणून eV हे hν पेक्षा कमी असूनही फोटॉन निघतो. १९९६ मध्ये हरमान आणि शॅट्झले यांनी अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये हा प्रयोग मुळात का चालतो, असा प्रश्नच विचारला होता.

तो चालतो ते ०.१९ सारखी तूट सगळ्या रंगांना जवळपास सारखी असेल तेव्हा. त्यासाठी सगळे एलईडी एकाच, अगदी लहान प्रवाहावर वाचायचे. जास्त प्रवाहात आतला रोध व्होल्टेज फुगवतो. डोळ्यांनी ‘पेटला’ ठरवणं तर टाळलेलंच बरं, कारण डोळा हिरव्याला तरबेज आहे आणि लाल-निळ्याला मंद, त्यामुळे प्रत्येक रंग वेगळ्या प्रवाहावर ‘पेटतो’. तरीही लाल आणि निळा वेगळ्या घराण्यांतले: एकात गॅलियमबरोबर आर्सेनिक-फॉस्फरस, दुसऱ्यात नायट्रोजन. त्यांची तूट सारखी असेलच याची हमी नाही. निळ्याचा ठिपका रेषेच्या वर गेलेला दिसला, तर आधी संशय इथे घ्यावा. पांढरा एलईडी मात्र आलेखावर आणूच नये. तो आतून निळाच असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्याला स्वतःची अशी एक वारंवारता नाही.

२० मे २०१९ पासून h ची किंमत ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ जूल-सेकंद अशी व्याख्येनेच ठरली आहे. e देखील ठरलेला. म्हणजे रेषेचा उतार किती यायला हवा हे आधीच माहीत असतं, आणि मोजायला उरते ती प्रत्येक एलईडीची तूट.