बांधकाम मंजुरीपत्राचा गोषवारा

बांधकाम मंजुरीपत्राचा गोषवारा : नियोजन प्राधिकरणाने दिलेल्या बांधकाम परवानगीतून मंजूर मजले, घातलेल्या अटी आणि परवानगीची मुदत संपण्याची तारीख एवढ्याच तीन बाबी वेगळ्या काढून केलेली संक्षिप्त नोंद. कोकणात ती वास्तुविशारदाच्या कार्यालयात, कर्ज देणाऱ्या बँकेत आणि पुष्कळदा मुंबईत राहून गावी घर बांधणाऱ्या चाकरमान्यासाठी केली जाते. मूळ पत्र तीन-चार पानांचे आणि सोबतचा नकाशा वेगळा असल्यामुळे गवंडी किंवा ठेकेदार पत्र क्वचितच वाचतो; त्याच्या हातात गोषवाराच असतो. म्हणून गोषवाऱ्यातली चूक थेट बांधकामात उतरते.

पत्राची कायदेशीर बैठक महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आहे. कलम 44 नुसार अर्ज होतो, कलम 45 नुसार परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर 2020 च्या डिसेंबरपासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे आणि पत्राचा आजचा नमुना त्या नियमावलीच्या परिशिष्टातला आहे. मुंबईत 1888 च्या महानगरपालिका अधिनियमाखाली पहिले जे पत्र मिळते, त्याचे नाव शब्दशः ‘नामंजुरीची सूचना’ असे आहे. अटी पूर्ण झाल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र वेगळे निघते. ही मुंबईची रीत मनात धरून रत्नागिरी-सिंधुदुर्गातले पत्र वाचणाऱ्याची पहिली गफलत येथेच होते. या जिल्ह्यांतल्या नमुन्यात परवानगी आणि प्रारंभ प्रमाणपत्र एकाच कागदावर असते. दुसऱ्या कागदाची वाट पाहत बसले, तर पहिल्याची मुदत सरत राहते.

मजले : मजल्यांचा उल्लेख तीन ठिकाणी सापडतो : पत्राच्या विषयात किंवा पहिल्या परिच्छेदात, नकाशावरील क्षेत्रफळाच्या तक्त्यात आणि नकाशावर अधिकाऱ्याने शाईने केलेल्या दुरुस्तीत. तिन्ही जुळले तर प्रश्न नसतो. जुळले नाहीत तर शाईची दुरुस्ती ग्राह्य धरावी, कारण मंजुरी ‘दर्शविलेल्या दुरुस्तीस अधीन राहून’ दिलेली असते. अर्ज तळमजला अधिक दोन असा होता, मंजुरी तळमजला अधिक एक अशी मिळाली आणि पत्राचा विषय मात्र अर्जावरून जसाच्या तसा उतरला, असे घडते. अशा वेळी क्षेत्रफळाच्या तक्त्यातल्या मजलानिहाय आकड्यांची बेरीज एकूण मंजूर क्षेत्रफळाशी ताडून पाहिली की खोड लगेच कळते. ज्या मजल्यासमोर क्षेत्रफळ नाही, तो मजला मंजूर नाही.

किनाऱ्यावरची घरे उतारावर असल्यामुळे येथे एक खास अडचण येते. रस्त्याच्या बाजूने एकमजली दिसणारे घर मागच्या, खाडीकडच्या बाजूने दुमजली दिसते. खालच्या भागाला नकाशात ‘स्टिल्ट’, म्हणजे खांबांमधली भिंती नसलेली मोकळी जागा, म्हटले आहे, ‘तळघर’ म्हटले आहे की ‘तळमजला’, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. गोषवाऱ्यात ‘दोन मजले’ असे कधीही लिहू नये. नकाशातला शब्दच उचलावा, जसे ‘स्टिल्ट + तळमजला + पहिला मजला’. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या सीआरझेडच्या, तिसऱ्या वर्गात ना-विकास पट्ट्याबाहेर राहत्या घरांना 9 मीटर उंची आणि तळमजला अधिक एक अशी मर्यादा आहे. तेथे हा शब्द चुकला तर परवानगीच वादात येते. छपराखालचा माळा मजला म्हणून धरला जात नाही, पण त्याला जिना आणि खिडक्या देऊन राहती खोली केली की तो मंजुरीबाहेर जातो. पडवीचेही तसेच : नकाशात उघडी दाखवलेली पडवी चिऱ्याच्या भिंतीने बंद केली की भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ती अडते.

अटी : पत्रातल्या अटी दोन प्रकारच्या असतात. छापील अटी सर्वांना सारख्याच : रस्तारुंदीकरणासाठी सोडलेली जागा सार्वजनिक रस्त्याचा भाग समजली जाईल, भोगवटा परवानगीवाचून इमारत वापरू नये, या परवानगीने दुसऱ्याच्या जमिनीवर हक्क मिळत नाही, इत्यादी. त्या गोषवाऱ्यात एका ओळीत आटोपतात. खरे लक्ष द्यायचे ते टंकलिखित, त्या भूखंडापुरत्या अटींकडे. त्या बहुधा यादीच्या शेवटी असतात आणि घाईत वाचणारा तेथवर पोचत नाही.

विशेष अटींची मांडणी पत्रातल्या क्रमाने न करता केव्हा पूर्ण करायची त्यानुसार करावी, असे या कामातल्या जाणकारांचे मत आहे आणि तेच योग्य वाटते. कामापूर्वीच्या अटींत भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी, विकास शुल्काचा भरणा, सीआरझेड पडताळणी अशा बाबी येतात. राहत्या घराचे एकूण बांधीव क्षेत्र 300 चौ. मी. पर्यंत असेल, तर 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ही पडताळणी स्थानिक प्राधिकरणच करते, राज्य किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. ‘सीआरझेडची परवानगी घ्यावी’ ही ओळ जशीच्या तशी उतरवण्याआधी हा आकडा तपासावा. कामाच्या मध्यावर येणारी मुख्य अट जोते तपासणीची. कामाच्या शेवटी सेप्टिक टाकी, 500 चौ. मी. किंवा अधिक भूखंडावर पर्जन्यजल संधारण आणि भोगवटा प्रमाणपत्र.

मुदत : अधिनियमाचे कलम 48 म्हणते की परवानगी ती मिळाल्याच्या तारखेपासून एक वर्ष अमलात राहील, त्यानंतर ती व्यपगत होईल, अर्जावरून मुदत वाढवता येईल, पण वाढीव मुदत कोणत्याही परिस्थितीत तीन वर्षांपेक्षा जास्त नसेल. नियमावली आणि छापील नमुना मात्र वर्ष पत्र दिल्याच्या तारखेपासून मोजतात. ‘मिळाल्याची’ आणि ‘दिल्याची’ यांत टपालाच्या किंवा हेलपाट्यांच्या हिशेबाने दोन-तीन आठवड्यांचे अंतर सहज पडते. अधिनियम नियमावलीपेक्षा वरचा, म्हणून पोचीची तारीख धरावी, असा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष पत्रातल्या अटीवर बोट ठेवतो. वाद रंगला तर पहिल्या पक्षाची बाजू बळकट ठरण्याचा संभव आहे; पण गोषवारा वाद जिंकण्यासाठी नसतो. त्यात आधी येणारी तारीख लिहावी आणि पोचीची तारीख बाजूला नोंदवून पोचपावती जपावी.

‘तीन वर्षे’ म्हणजे एकूण तीन की मूळ एक वर्षानंतरची तीन, हाही असाच जुना प्रश्न. नियमावलीने तो व्यवहारापुरता सोडवला आहे : दर वर्षी नूतनीकरण, तेही सलग तीन वेळा, म्हणजे एकूण चार वर्षे. उशीर झाल्यास शुल्क आकारून तो क्षमापित करता येतो, परंतु चार वर्षांपलीकडे नाही. त्यानंतर नव्याने प्रस्ताव.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट बहुतेक गोषवाऱ्यांत सुटते. वैध मुदतीत काम सुरू झाले असेल तर नूतनीकरण लागत नाही आणि परवानगी काम पूर्ण होईपर्यंत टिकते. मात्र ‘सुरू’ या शब्दाचा येथील अर्थ भूमिपूजन किंवा पाया खणणे असा नाही. काम जोत्यापर्यंत आले पाहिजे. जेथे जोते नाही तेथे तळघराच्या किंवा स्टिल्टच्या वरच्या पातळीपर्यंत. उतारावरच्या घराला हा फरक महागात पडतो. स्टिल्टवरचे घर असेल तर खांब उभे राहून भागत नाही, वरचा स्लॅब पडावा लागतो. त्यामुळे मुदतीची एकच तारीख लिहिणे अपुरे आहे. तारीख आणि तिच्याशी बांधलेला टप्पा अशी जोडी लिहावी.

कोकणात या वर्षाचे महिने बाराही कामाचे नसतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाया खणता येत नाही, चर पाण्याने भरतात, चिरेखाणी थांबतात. मे महिन्यात दिलेल्या परवानगीला ऑक्टोबर ते मे असा एकच हंगाम मिळतो. ऑक्टोबरात दिलेलीला मात्र मुदतीत एक सलग कोरडा काळ मिळून वर पावसाळ्याची उसंत राहते.

नमुना : समजा, पत्राच्या माथ्यावर जावक क्रमांकासमोर 22 मे 2024 आहे. ‘वाचले’ या सदरात अर्जाची 11 जानेवारी आणि नगररचना कार्यालयाच्या अभिप्रायाची 3 एप्रिल, चलनावर 14 मे आणि अर्जदाराच्या सहीजवळ पोचीची 5 जून. या पाच तारखांपैकी मुदतीशी संबंध फक्त 22 मे आणि 5 जूनचा. ‘वाचले’ खालची तारीख उचलणे ही सर्वांत नेहमीची चूक, कारण ती पत्राच्या मजकुरात सर्वांत आधी भेटते. ‘पासून’ म्हणताना पहिला दिवस सोडायचा हा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचा नियम धरला तर वर्ष 22 मे 2025 ला संपते. सावधपणे 21 मे लिहितात. गोषवारा असा उतरतो :

मजले : स्टिल्ट + तळमजला + पहिला मजला, शाईच्या दुरुस्तीनुसार मागची पडवी उघडी.

अटी : कामापूर्वी हद्द कायम मोजणी (अट 15), स्टिल्टच्या स्लॅबनंतर तपासणीची सूचना (अट 9), वापरापूर्वी सेप्टिक टाकी व भोगवटा प्रमाणपत्र (अटी 16, 2).

मुदत : 21 मे 2025 पर्यंत स्टिल्टचा स्लॅब पूर्ण, तसे न झाल्यास त्या तारखेपूर्वी नूतनीकरणाचा अर्ज. नूतनीकरणासह अंतिम मर्यादा 21 मे 2028. पोच 5 जून 2024.

अटींचे मूळ क्रमांक कंसात ठेवल्याने शंका आल्यास मूळ पत्र उघडता येते. स्लॅब मार्च 2025 मध्ये पडला आणि तपासणीचा दाखला मिळाला, तर ‘मुदत’ची ओळ खोडून तेथे दाखल्याचा क्रमांक व तारीख लिहावी. दाखला न घेता काम वर गेले, तर वैध मुदतीत टप्पा गाठल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. तारखेसह छायाचित्रे आणि सिमेंटची बिले तेव्हा पुढे केली जातात, पण ती दाखल्याची जागा भरून काढत नाहीत.

सुधारित नकाशा मंजूर झाल्यास नवे पत्र येते. त्यातील मजले जुन्याच्या जागी लिहावेत. मुदत मात्र नव्या पत्रात मूळ प्रारंभ प्रमाणपत्राचा हवाला असेल तर जुन्याच तारखेपासून मोजणे सुरक्षित.

ग्रामपंचायतीने गावठाणात दिलेल्या जुन्या परवानग्यांची पत्रे बहुधा अर्ध्या पानाची असतात. त्यांत मजल्यांचा उल्लेख ‘घर दुरुस्ती’ किंवा ‘नवीन घर’ एवढाच आढळला, तर गोषवाऱ्यातही तेवढेच लिहावे; घरपट्टीच्या उताऱ्यावरून मजले भरू नयेत.