चेरेनकॉव्ह प्रारण

एखाद्या पारदर्शक माध्यमात प्रकाशाचा जो वेग असतो, त्याहून अधिक वेगाने विद्युत्‌भारित कण त्या माध्यमातून गेला की बाहेर पडणारा निळसर प्रकाश. हा प्रकाश कणाच्या मार्गाशी ठरावीक कोन करून शंकूच्या आकारात पसरतो. रशियन भौतिकीविज्ञ पाव्हेल चेरेनकॉव्ह यांच्यावरून हे नाव पडले. मराठीत चेरेंकोव्ह, सेरेन्कोव्ह अशी रूपेही दिसतात. निर्वातातील प्रकाशवेग कोणताही कण ओलांडत नाही, त्यामुळे येथे सापेक्षता सिद्धांताचा भंग होत नाही. पाण्यात प्रकाशच मंदावलेला असतो, आणि कण त्या मंदावलेल्या प्रकाशाला मागे टाकतो.

शोधाचे श्रेय : हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. रेडियमच्या तीव्र द्रावणांतून येणारी फिकट निळी आभा मारी क्यूरी यांनी १९१० च्या सुमारास पाहिली होती. पण ती साधी प्रतिदीप्ती, म्हणजे प्रारण शोषून द्रव्याने पुन्हा बाहेर टाकलेला प्रकाश, समजली गेली. फ्रान्समध्ये ल्यूसियँ माले यांनी १९२६ ते १९२९ या काळात या प्रकाशाचा वर्णपट घेतला. तो अखंड आहे, प्रतिदीप्तीत दिसतात तसे पट्टे त्यात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. कारणापर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. चेरेनकॉव्ह हे सर्गेई व्हाव्हिलॉव्ह यांचे विद्यार्थी. युरेनिल क्षारांची द्रावणे गॅमा किरणांत कशी चमकतात हे ते तपासत होते. प्रकाश इतका मंद होता की प्रयोगापूर्वी तास-दीड तास गडद अंधारात बसून डोळे सरावून घ्यावे लागत, आणि मोजमाप डोळ्याच्या दृष्टीच्या उंबरठ्यावर करावे लागे. त्यात क्षार न घातलेला शुद्ध द्रवही चमकतो असे आढळले. द्रव तापवून पाहिला, प्रतिदीप्ती विझवणारी पोटॅशियम आयोडाइड, सिल्व्हर नायट्रेट यांसारखी द्रव्ये घालून पाहिली, तरी चमक कमी झाली नाही. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. गॅमा किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनांपासून हा प्रकाश येतो असे व्हाव्हिलॉव्ह यांनी लगेच सुचवले. मात्र इलेक्ट्रॉन थांबताना तो निघत असावा, हा त्यांचा तर्क पुढे टिकला नाही. योग्य उपपत्ती इल्या फ्रांक आणि ईगॉर टाम यांनी १९३७ मध्ये मांडली. १९५८ चे नोबेल पारितोषिक चेरेनकॉव्ह, फ्रांक व टाम यांना विभागून मिळाले. व्हाव्हिलॉव्ह १९५१ मध्येच वारले होते. रशियन ग्रंथांत ‘व्हाव्हिलॉव्ह-चेरेनकॉव्ह प्रारण’ असे जोडनाव वापरतात, आणि कार्याची वाटणी पाहता तेच अधिक न्याय्य वाटते. मात्र मराठीत एकेरी नाव रुळले आहे, म्हणून नोंदीचे शीर्षक तेच ठेवले आहे.

शंकूचा कोन : पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरला, तर एका नॅनोसेकंदात प्रकाश पाण्यात सुमारे २२.५ सेंमी. जातो. निर्वातातील प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालेला कण तेवढ्याच वेळात सुमारे ३० सेंमी. पुढे सरकतो. कण वाटेतल्या प्रत्येक बिंदूवर पाण्याच्या रेणूंना क्षणभर विचलित करतो, आणि ते पूर्वस्थितीला येताना लहरी सोडतात. कण मंद असेल तर या लहरी परस्परांना खोडून काढतात. कण लहरींच्या पुढे धावत असेल तर त्या एका तिरप्या आघाडीवर एकत्र येतात आणि प्रकाश दिसतो. या रचनेत ३० सेंमी. हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण आणि २२.५ सेंमी. ही कोनालगतची बाजू होते. यावरून मिळणारे सूत्र असे :

cos θ = 1 / (nβ)

येथे n हा अपवर्तनांक आणि β हे कणाच्या वेगाचे निर्वातातील प्रकाशवेगाशी गुणोत्तर आहे. β = १ धरल्यास पाण्यासाठी θ सुमारे ४१.२ अंश येतो. याहून मोठा कोन पाण्यात शक्य नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा अपवर्तनांक किंचित जास्त, १.३४ च्या आसपास असल्याने तेथे हा कोन ४१.७ अंशांपर्यंत जातो. हवेत तो जेमतेम १.४ अंश भरतो.

येथे एक घोटाळा हमखास होतो. θ हा प्रकाश ज्या दिशेने जातो तिचा मार्गाशी असलेला कोन आहे. कणाच्या मागे ओढल्या जाणाऱ्या तरंगाघाडीच्या शंकूचा अर्धकोन म्हणजे त्याचा कोटिकोन, पाण्यात सुमारे ४९ अंश. आकृतीत नेमका कोणता शंकू काढला आहे हे न पाहता कोन वाचला की उत्तर चुकते.

दुसरा घोटाळा उपमेचा. खाडीतून जाणाऱ्या होडीमागे पाण्यावर उमटणारी पाचर दाखवून हा शंकू समजावण्याची पद्धत आहे. कोकणात ती चटकन पटते, पण ती फसवी आहे. खोल पाण्यात त्या पाचरीचा अर्धकोन सुमारे १९.५ अंश असतो आणि होडीचा वेग बदलला तरी तो सहसा बदलत नाही, कारण पाण्यावरच्या लांब आणि आखूड लाटा वेगवेगळ्या वेगाने धावतात. चेरेनकॉव्ह शंकूचे सारे मर्म तर कोन वेगानुसार बदलतो यात आहे. ध्वनीहून वेगवान विमानामागील आघात-शंकू ही त्यामानाने योग्य उपमा.

सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते : β हा 1/n पेक्षा कमी असेल तर कोनच उरत नाही आणि प्रकाशही नाही. पाण्यात ही उंबरठ्याची मर्यादा निर्वातातील वेगाच्या ७५ टक्के आहे. इलेक्ट्रॉनाला तेथे पोहोचण्यासाठी सुमारे ०.२६ मेगॅइलेक्ट्रॉन व्होल्ट (पुढे एमईव्ही) गतिज ऊर्जा पुरते. प्रोटॉन जड असल्याने त्याला सुमारे ४८५ एमईव्ही लागते. त्यामुळे अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारा प्रकाश व्यवहारतः इलेक्ट्रॉनांचाच असतो.

तुर्भे येथील कुंड : उत्तर कोकणात, मुंबईच्या तुर्भे येथे भारतातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. ती जलकुंड प्रकारची होती. इंधनाचा गाभा साध्या पाण्याच्या खोल, उघड्या कुंडात वरून लोंबता ठेवलेला होता, आणि तेच पाणी न्यूट्रॉनांना मंदावणारा संमंदक, शीतक व संरक्षक कवच अशी तिन्ही कामे करी. त्यामुळे काठावरून खाली पाहताच गाभ्याभोवतीची निळी आभा नुसत्या डोळ्यांना दिसे.

पंडित नेहरू यांनी जानेवारी १९५७ मध्ये या अणुभट्टीचे उद्‌घाटन केले, आणि नावही त्यांनीच दिले. ही निळी प्रभा पाहून त्यांना अप्सरा आठवल्या, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. नाव नेमके कशावरून सुचले याबद्दल ठाम विधान न करणे बरे; पण शब्दाची व्युत्पत्ती येथे विलक्षण जुळते. यास्काच्या निरुक्तात ‘अप्सरा’ शब्दाची फोड एकीकडे ‘अप्’ म्हणजे पाणी आणि त्यात वावरणारी अशी, तर दुसरीकडे ‘अप्स’ म्हणजे रूप यावरून दिली आहे. प्रचलित कथा रूपाच्या बाजूने झुकते. कुंडातल्या पाण्यात चमकणाऱ्या या वस्तूला पहिली फोड अधिक शोभते. मूळ अप्सरा पाच दशकांहून अधिक काळ चालून बंद झाली. तिच्या जागी २ मेगॅवॉट शक्तीची सुधारित अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली.

अशा कुंडात शंकू मात्र दिसत नाही, दिसते ती नुसती आभा. याचे कारण एका इलेक्ट्रॉनाचा प्रवास पाहिला की कळते. इंधनातून निघणारे बीटा कण बहुतांशी धातूच्या आवरणातच अडकतात. गॅमा किरण बाहेर येतात आणि पाण्यातील एखाद्या इलेक्ट्रॉनाला धक्का देतात. त्या धक्क्याने इलेक्ट्रॉनाला १ एमईव्ही ऊर्जा मिळाली असे समजू. त्याचा β ०.९४ आणि प्रकाशाचा कोन ३७ अंश. पाण्याच्या रेणूंना आयनित करत तो झपाट्याने मंदावतो, ऊर्जा ०.५ एमईव्ही उरते तेव्हा कोन सुमारे २९ अंशांवर आलेला असतो, आणि ०.२६ एमईव्हीला शंकू मिटून प्रकाश थांबतो. हा सारा प्रवास चार-साडेचार मिलिमीटरांत संपतो. शिवाय इलेक्ट्रॉन हलका असल्याने वाटेत सतत दिशा बदलतो, आणि मुळात असे असंख्य इलेक्ट्रॉन सगळ्या दिशांना उडत असतात. मिटत जाणारे, वळणारे हे शंकू एकमेकांत मिसळले की डोळ्यांना आभाच उरते. शंकू शंकू म्हणून पकडायचा तर वैश्विक किरणांतील म्युऑनसारखा जड आणि सरळ जाणारा कण हवा.

प्रकाश निळा का, याचे उत्तर फ्रांक-टाम यांच्या सूत्रात आहे. तरंगलांबी जितकी आखूड तितके प्रकाशकण अधिक. ४०० ते ५०० नॅनोमीटर या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात ६०० ते ७०० च्या तांबड्या पट्ट्याच्या दुपटीहून थोडे जास्त प्रकाशकण निघतात. जंबुपार भागात ते आणखी वाढतात, फक्त डोळ्याला दिसत नाहीत. एकूण प्रमाण मात्र फार नाही : पूर्ण वेगाचा एक कण पाण्यात दर सेंटिमीटरला सुमारे २१० दृश्य प्रकाशकण देतो. त्यांची ऊर्जा कणाने त्याच अंतरात गमावलेल्या ऊर्जेचा काही हजारावा हिस्सा भरते. अणुभट्टी बंद केल्यावरही आभा लगेच विझत नाही, कारण विखंडनातून तयार झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये गॅमा किरण सोडत राहतात. वापरलेले इंधन पाण्याखाली साठवतात तेथेही ती दिसते. ते इंधन खरेच जागेवर आहे की कोणी नकली जुडगा ठेवला आहे हे तपासणारे आंतरराष्ट्रीय निरीक्षक याच प्रकाशाचा जंबुपार भाग टिपणारे उपकरण वापरतात, म्हणजे दालनातले दिवे मालवावे लागत नाहीत.

किनाऱ्यावरील निळा प्रकाश : कोकण किनाऱ्यावर काही रात्री फुटणाऱ्या लाटा निळ्या चमकतात. त्याचा या प्रारणाशी संबंध नाही. तो नॉक्टिल्युकासारख्या सूक्ष्म प्लवकांचा जैवप्रकाश आहे. ओळखण्याची खूण सोपी : पाणी ढवळले, वल्हे मारले, ओल्या वाळूवर पाय पडला की तो क्षणभर उजळतो आणि विझतो. चेरेनकॉव्ह प्रकाशाला पाणी ढवळण्याने काहीच फरक पडत नाही.

तरीही समुद्राच्या पाण्यात खरा चेरेनकॉव्ह प्रकाश असतोच. एक लिटर समुद्रजलात सुमारे ०.४ ग्रॅम पोटॅशियम असते, आणि त्यातील किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० चे दर सेकंदाला सुमारे १२ विघटन होतात. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा १.३ एमईव्हीपर्यंत असू शकते, म्हणजे त्यांतले बरेच उंबरठा ओलांडतात. अमावास्येच्या रात्रीही डोळ्याला हा प्रकाश जाणवत नाही. चेरेनकॉव्ह प्रकाशावरूनच न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांचा माग काढणाऱ्या दुर्बिणी खोल समुद्रात उतरवणाऱ्यांना मात्र तो जैवप्रकाशाबरोबरच सतत वजा करावा लागतो.