पावाचं पीठ किती वेळ मळायचं?

घरी लादी पाव करायला घेतला की प्रत्येक पाककृतीत एक वेगळा आकडा भेटतो. कुणी म्हणतं आठ मिनिटं मळा, कुणी पंधरा, एखादा व्हिडिओ वीस सांगतो. हे सगळे आकडे सांगणाऱ्याच्या स्वयंपाकघरात बरोबर असतात. तुमचा मैदा वेगळा, हाताचा जोर वेगळा, पाण्याचं प्रमाण वेगळं. म्हणून तो आकडा तुमच्याकडे चालेलच असं नाही. मळणं नेमकं कशासाठी असतं हे कळलं, तर कधी थांबायचं ते पीठच सांगतं.

गव्हाच्या पिठाचा घट्ट गोळा अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग पाण्यातच हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधाळ होत जातं, तो स्टार्च. पाणी बदलत राहिलात तर शेवटी हातात एक करडा, चिवट, रबरासारखा लगदा उरतो. हेच ग्लुटेन. इटलीत बोलोन्याच्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच पीठ असं धुऊन ते वेगळं केलं होतं.

कोरड्या पिठात हे ग्लुटेनचं जाळं नसतं. असतात ती दोन प्रकारची प्रथिनं, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. ग्लुटेनिनचे रेणू प्रचंड लांब असतात, कारण त्यांचे तुकडे एकमेकांना गंधकाच्या दुव्यांनी जोडलेले असतात. पीठ कोरडं असताना हे रेणू आखडून पडलेले असतात. पाणी मिळालं की ते हलायला मोकळे होतात आणि शेजारच्या रेणूंना धरू लागतात. ग्लायडिनचे रेणू आटोपशीर असतात. ते या लांब साखळ्यांच्या मध्ये राहून त्यांना एकमेकांवरून सरकू देतात. म्हणून ग्लुटेनिन पिठाला ताण देतं आणि ग्लायडिन सैलपणा. पावाला दोन्ही लागतात: नुसता ताण असेल तर पीठ फुगणारच नाही, नुसता सैलपणा असेल तर फुगून बसेल.

आता मळण्याचं काम. तळहाताने पीठ पुढे रेटलं की आखडलेल्या साखळ्या ओढल्या जाऊन सरळ होतात. घडी घालून वळवलं की त्या शेजारच्या थरावर पडतात आणि तिथे नवे दुवे जुळतात. काही जुने गंधकाचे दुवे तुटतात आणि दुसऱ्याच जोडीदाराशी पुन्हा बांधले जातात. रेटा, घडी, वळवा हे चालू राहिलं की गुंताड्यातून सलग पापुद्रे तयार होतात. सरळ झालेल्या साखळ्यांना पुन्हा आखडायचं असतं, म्हणून मळत असताना पीठ हाताला विरोध करू लागतं. पाच मिनिटं झाकून ठेवलं की साखळ्या एकमेकींवरून थोड्या सरकतात, ताण उतरतो आणि तोच गोळा निमूट पसरतो.

मळण्याचं आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. यीस्ट नवे बुडबुडे तयार करत नाही. घडी घालताना पिठात अडकलेल्या हवेचे बारीक बुडबुडे आधीच असतात, आणि यीस्टचा कार्बन डायऑक्साइड त्यांच्यात शिरून त्यांना फुगवतो.

‘मैदा चिवट असतो म्हणून आतड्याला चिकटून बसतो’ हे वाक्य हल्ली फोनवर सतत फिरतं. त्यात तथ्य नाही. पाव भाजताना हे जाळं घट्ट होऊन त्याचा चिकटपणा जातो, आणि पोटात आम्ल आणि पाचकरस त्याचे तुकडे करतात. सीलिअॅक आजार असलेल्यांना ग्लुटेन खरोखर वर्ज्य आहे, पण तो रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार आहे, त्याचा चिकटण्याशी संबंध नाही. मैद्यात कोंडा नाही, म्हणून तंतू कमी, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ३०० ग्रॅम मैदा, १९५ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि २० ग्रॅम लोणी. लोणी बाजूला ठेवून बाकी सगळं नुसतं कालवा आणि वीस मिनिटं झाका. या वीस मिनिटांत पाणी आत मुरतं आणि जाळं न मळताच बांधायला सुरुवात होते, त्यामुळे पुढचे कष्ट बरेच वाचतात. मे महिन्यात पाणी फ्रिजमधलं घ्या, नाहीतर मळून होण्याआधीच यीस्ट जोर धरतं.

पहिली चार-पाच मिनिटं पीठ ओट्याला आणि बोटांना चिकटतं. इथेच बहुतेकजण वरून मैदा भुरभुरतात आणि पाव दडदडीत होतो. भुरभुरू नका. चिकटपणा मळण्याने कमी होतो, कारण मोकळं पाणी पिठात बांधलं जातं. गोळा गुळगुळीत दिसायला लागला की लोणी घाला. ते आधी घातलं तर प्रथिनांवर स्निग्ध थर बसून जाळं बांधायला उशीर होतो. लोणी घातल्यावर गोळा निसरडा होऊन फाटतो, सगळं बिघडल्यासारखं वाटतं. दोन-तीन मिनिटं मळत राहिलात की तो परत एकजीव होतो.

इथे विंडोपेन टेस्ट करायची, म्हणजे पिठाचा तुकडा पातळ पडद्यासारखा ताणून बघायचा. आधी गोळा पाच मिनिटं झाकून ठेवा, कारण ताणलेलं पीठ चांगलं असूनही फाटतं आणि चुकीचा निकाल देतं. मग लिंबाएवढा तुकडा ओल्या बोटांनी घ्या आणि चारही बाजूंनी हळूहळू, फिरवत ताणा. लगेच तुटला तर काम अर्धवट आहे. पातळ होऊन मग फाटला आणि भोकाची कड दातेरी असली, तर अजून दोन-तीन मिनिटं लागतील. उजेडासमोर धरल्यावर पडद्यातून मागच्या बोटाची सावली दिसली आणि पडलेल्या भोकाची कड गुळगुळीत, गोल राहिली की झालं. वरच्या प्रमाणाला हे सहसा दहा-बारा मिनिटांच्या मळण्यात जमतं.

पंधरा मिनिटांनंतरही दातेरीच फाटत असेल तर दोष हाताचा नसतो. एक तर पाणी कमी पडलंय किंवा मैद्यात प्रथिनं कमी आहेत. पाणी कमी असेल तर ओल्या हाताने थोडं मळा, प्रथिनं कमी असतील तर पीठ झाकून वाट बघा. जास्त मळून पीठ बिघडेल ही भीती हाताने मळणाऱ्याने बाळगू नये, त्याआधी दंड भरून येतात. यंत्रात मात्र हे सहज होतं. दुवे जुळण्यापेक्षा वेगाने तुटू लागतात आणि गोळा चकचकीत, चिकट, ढिला पडतो.

पण पहिल्या फुगवण्याआधी इतका पातळ पडदा दरवेळी हवाच असं नाही. किती मळायचं हे पीठ किती वेळ फुगणार आहे यावर ठरतं. फुगताना बुडबुडे मोठे होत आजूबाजूच्या थरांना ताणतात, म्हणजे संथपणे मळण्याचंच काम चालू असतं. तासाभरात दुप्पट करून लगेच पाव भाजायचा असेल तर पूर्ण पडदा मळूनच मिळवावा लागतो. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये राहणार असेल तर दातेरी पडद्यावर थांबलात तरी चालतं, सकाळी तोच गोळा पारदर्शक ताणला जातो. न्यूयॉर्कचा बेकर जिम लेही याच्या २००६ मध्ये गाजलेल्या पद्धतीत तर पीठ मळतच नाहीत. सैल कालवलेलं पीठ बारा ते अठरा तास ठेवतात, बस्स.

चक्कीच्या आट्याचा पाव करणाऱ्यांनी या चाचणीच्या मागे लागू नये. कोंड्याचे कण पडद्याला जागोजागी टोचतात, आणि कितीही मळलं तरी मैद्यासारखी काच दिसत नाही. आट्यासाठी पाणी बरंच जास्त घ्या, कालवून पाऊण तास झाका, आठ-दहा मिनिटं मळा आणि पीठ बोटाने दाबून बघा. खळगा सावकाश भरून आला आणि गोळा ओट्यावर न पसरता उभा राहिला, की तो फुगायला ठेवायचा.