बागेचा खर्च, ओळीत पसरलेला: शीर्षक बघून बेरीज करणारं सूत्र

रावेर-यावलकडे केळीचा हिशेब बागेनुसार ठेवतात. मृगबाग, कांदेबाग आणि पिलबाग, प्रत्येकीची वेगळी ओळ. खर्च मात्र जसजसा होतो तसतसा आडवा वाढत जातो. युरिया आणला, एक कॉलम. निंदणी झाली, दुसरा. पुन्हा पोटॅश आणलं की तिसरा. हंगाम संपेपर्यंत खताचे कॉलम मजुरीच्या मध्ये विखुरलेले असतात. आमच्या घरच्या शीटची पहिली ओळ B पासून H पर्यंत अशी होती, आणि तिच्याखाली मृगबागेचे आकडे:

```
खत युरिया       2400
मजुरी निंदणी     6000
खत पोटॅश        5100
ठिबक            1800
मजुरी कापणी      7500
खतवाहतूक         900
खत सुपर         3200
```

(इथे वाचायला सोपं म्हणून उभं लिहिलंय, शीटमध्ये ते आडवं आहे.)

मृगबागेला खतावर किती गेले? एकेक सेल निवडून `B2+D2+H2` करता येतं, पण उद्या मध्ये नवा खताचा कॉलम घातला तर तो या बेरजेत आपोआप येत नाही. त्यापेक्षा शीर्षकालाच विचारावं. `SUMIF` ला तीन गोष्टी लागतात: कुठे शोधायचं, काय शोधायचं आणि कशाची बेरीज घ्यायची. हे सूत्र बहुतेक जण उभ्या कॉलमवर चालवतात, पण ते आडव्या ओळीवरही तसंच चालतं.

```
=SUMIF($B$1:$H$1,"खत*",$B2:$H2)
```

`*` म्हणजे वाइल्डकार्ड: त्याच्या जागी कितीही अक्षरं चालतील, एकही नसलं तरी चालेल. `"खत*"` म्हणजे ‘खत’ने सुरू होणारं काहीही. उत्तर आलं ११६००.

हे उत्तर चुकीचं आहे. खताचे तीन आकडे मिळवले तर १०७०० होतात. वरचे ९०० वाहतुकीचे. ‘खतवाहतूक’सुद्धा ‘खत’नेच सुरू होतं आणि सूत्राला शब्द कळत नाही, फक्त अक्षरांची रांग कळते. शब्द कुठे संपतो ते आपणच सांगायचं, म्हणून तारकेआधी एक मोकळी जागा सोडायची: `"खत *"`. आता १०७०० येतात. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की नुसतं ‘खत’ एवढंच लिहिलेला कॉलम आता सुटेल, कारण त्यात पुढे मोकळी जागा नाही. अशा कॉलमला ‘खत इतर’ म्हणावं.

शब्द सूत्रात कोंबण्यापेक्षा सेलमध्ये ठेवला तर आणखी बरं. J1 मध्ये ‘खत’ आणि K1 मध्ये ‘मजुरी’ लिहा, J2 मध्ये हे टाका:

```
=SUMIF($B$1:$H$1,J$1&" *",$B2:$H2)
```

उजवीकडे ओढलं की मजुरीचे १३५०० येतात, खाली ओढलं की कांदेबाग आणि पिलबाग. डॉलरच्या खुणा इथे फार महत्त्वाच्या आहेत. शीर्षकांची ओळ `$` ने बांधली नाही तर खाली ओढताना तीही खाली सरकते, सूत्र शीर्षकांऐवजी आकड्यांतच ‘खत’ शोधू लागतं, आणि वाइल्डकार्ड फक्त मजकुराशी जुळतं, आकड्याशी नाही. म्हणून पहिल्या बागेचं उत्तर बरोबर आणि बाकीच्यांचं शून्य दिसलं, तर आधी डॉलर तपासा.

शून्य निदान डोळ्यात भरतं. जास्त त्रास देतं ते थोडं कमी आलेलं उत्तर. आमच्याकडे ‘खत पोटॅश’च्या आधी चुकून एक मोकळी जागा पडली होती. पाहताना काहीच कळत नव्हतं, पण शीर्षक ‘खत’ने नव्हे तर मोकळ्या जागेने सुरू होत होतं, आणि ५१०० गायब. म्हणून बेरजेशेजारी किती कॉलम सापडले तेही मोजून ठेवावं:

```
=COUNTIF($B$1:$H$1,J$1&" *")
```

डोळ्याने तीन मोजले आणि सूत्राने दोन सांगितले, तर एखाद्या शीर्षकात खोट आहे. `TRIM` वापरून पुढची-मागची जागा काढता येते.

आणखी एक गोष्ट, जी शीट देखणी करण्याच्या नादात होते. खताचे सगळे कॉलम शेजारी आणून वर एकच रुंद सेल जोडतात आणि त्यात ‘खत’ लिहितात. कागदावर ते छान दिसतं. पण जोडलेल्या सेलमधला मजकूर फक्त सर्वांत डावीकडच्या सेलमध्ये असतो, बाकीचे रिकामे. त्या ओळीवर `"खत*"` चालवलं तर पहिल्या कॉलमचाच आकडा येतो. सेल सोडवून प्रत्येक कॉलमवर पूर्ण नाव लिहावं लागतं, ‘खत युरिया’, ‘खत पोटॅश’ असं.