खुनी निवेदक आणि अपराधभाव (‘द व्हाइट टायगर’)

खून करणाऱ्याने स्वतःच सांगितलेल्या कादंबरीत वाचकाला साक्ष, आरोप आणि बचाव एकाच तोंडून ऐकावे लागतात. अरविंद अडिगा यांची ‘द व्हाइट टायगर’ ही 2008 साली बुकर पारितोषिक मिळवलेली इंग्रजी कादंबरी या प्रकाराचे भारतीय मातीतले ठळक उदाहरण आहे. गया जिल्ह्यातल्या लक्ष्मणगढ गावचा बलराम हलवाई हा तिचा निवेदक. आता तो बंगळुरूत भाड्याच्या गाड्यांचा धंदा करतो आणि चीनचे तत्कालीन पंतप्रधान वेन जियाबाओ यांना रात्री जागून एक लांबलचक पत्र लिहितो. पंतप्रधानांकडून उत्तर येत नाही. त्यामुळे ‘तुम्ही’ म्हणून ज्याच्याशी बोलले जाते, त्याच्या जागी हळूहळू वाचकच जाऊन बसतो.

पहिल्याच रात्रीच्या शेवटी बलराम सांगून टाकतो की आपण ज्याच्याकडे ड्रायव्हर होतो त्या मालकाचा, अशोकचा, गळा चिरला. पुढे काय होणार हे कळलेले असल्याने रहस्य उरत नाही आणि वाचकाचे लक्ष कारणांकडे वळते. माझ्या मते जवळीक इथेच सुरू होते. ज्याने सगळ्यात वाईट गोष्ट आधीच कबूल केली, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर आपण नकळत विश्वास ठेवू लागतो. हा विश्वास धोक्याचाही आहे, कारण अशोकची बाजू सांगणारा दुसरा कोणीच नाही.

अशोक दुष्ट नाही, ही या कादंबरीतली सर्वांत अवघड गोष्ट. अमेरिकेतून परतलेला हा जमीनदाराचा मुलगा घरात बलरामशी त्यातल्या त्यात माणुसकीने वागणारा आहे. बायको पिंकी सोडून गेल्यावर तो कोलमडतो, तेव्हा बलरामच त्याला सांभाळतो. पण त्याआधी पिंकी दारूच्या नशेत गाडी चालवत असताना एक मूल चिरडले जाते आणि गाडी आपणच चालवत होतो असा जबाब घरचे लोक बलरामकडून लिहून घेतात. प्रकरण पुढे जात नाही म्हणून तो सुटतो. अशोक हे सगळे पाहतो, अस्वस्थ होतो आणि थांबवत नाही. अशोकची सदसद्विवेकबुद्धी जागी असूनही काही करत नाही, हे दिसल्यावर खुन्याच्या विवेकाकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

खुनाचा प्रसंग थंडपणे आखलेला आहे. पावसाळी रात्री, मंत्र्याला द्यायचे सात लाख रुपये गाडीत असताना, बलराम चाकात बिघाड असल्याचे सांगून अशोकला खाली उतरवतो. तो वाकून पाहू लागताच फुटलेल्या दारूच्या बाटलीने डोक्यावर घाव घालतो. अशोक अजून जिवंत असतो, त्याला तसेच टाकून पळून जाता आले असते, हेही बलरामला सुचते. तरीही तो गळ्यावर वार करतो. नोकराने मालकाला मारले की गावातल्या त्याच्या कुटुंबाची कत्तल होणार, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो हा घाव त्या कत्तलीचा आगाऊ सूड ठरवतो. स्वतःच्याच कृत्यातून उद्भवणारा गुन्हा आधीच दुसऱ्याच्या खात्यावर टाकण्याचा हा तर्क वाचताना अंगावर येतो, आणि त्यातली फट वाचकाला दिसते.

खरा अपराधभाव इथेच लपलेला आहे. जुन्या दिल्लीतल्या कोंबड्यांच्या खुराड्याची उपमा बलराम वापरतो: समोर कापाकापी दिसत असूनही कोणी पळत नाही, कारण पळणाऱ्याच्या घरच्यांना किंमत मोजावी लागते. तो पळाला, म्हणजे ती किंमत त्याने घरच्यांवर लादली. अशोकबद्दल तो मोकळेपणाने बोलतो. कुटुंबाचे नेमके काय झाले हे मात्र तो पक्के करून घेत नाही. पळून जाताना तो नात्यातल्या छोट्या मुलाला, धरमला, न्यायला परत फिरतो. विवेक पुरता मेला असता तर हा धोका त्याने पत्करला नसता.

त्याची स्वप्नेही नेहमीच्या खुन्यासारखी नाहीत. मेलेला माणूस छातीवर येऊन बसत नाही. आपण कचरलो, अशोक जिवंत राहिला आणि आपण अजून नोकरच आहोत, असे भयस्वप्न त्याला पडते. जाग आल्यावर त्याला हायसे वाटते.

बंगळुरूत त्याच्या एका ड्रायव्हरच्या गाडीखाली सायकलवरचा मुलगा मरतो. पोलिसांशी लागेबांधे असल्याने प्रकरण मिटते. पण बलराम ड्रायव्हरकडून खोटा जबाब घेत नाही, जबाबदारी आपली म्हणतो आणि मृताच्या घरी पैसे व भावासाठी नोकरी घेऊन जातो. मालकांपेक्षा तो बरा वागला हे खरे. पैशाने आणि ओळखीने सुटका त्यानेही विकत घेतली हेही तितकेच खरे, आणि अशोकचे नाव त्याने आता स्वतःला लावले आहे. वाचक त्याच्याजवळ राहतो तो त्याला माफ केल्यामुळे नव्हे. प्रत्येक टप्प्यावर त्याच्यापुढे कोणते पर्याय होते हे वाचकाने त्याच्याच शब्दांत मोजलेले असते, आणि त्यातला कोणता आपण निवडला असता याचे उत्तर सहजी देता येत नाही.